सर्क्युलर आणि लिनियर कन्व्होल्यूशन: मराठीत काय म्हणावं?

पानगळ

पदविकेच्या मुलांसाठी सिग्नल प्रोसेसिंगची टिपणं मराठीत करते आहे. एका वाक्यापाशी गाडी अडली आहे. आशय असा: दोन सिग्नलांचे डीएफटी घेतले, जागच्या जागी गुणले आणि उलट डीएफटी केला, तर सर्क्युलर कन्व्होल्यूशन मिळतं, लिनियर हवं असेल तर आधी झीरो पॅडिंग करायचं. मी सध्या ‘वर्तुळाकार’, ‘एकघाती’ आणि ‘शून्ये भरणे’ असं लिहिलं आहे. व्याकरणात चूक नाही, पण हे वाचून मुलाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहणार नाही. तुम्ही काय लिहिता?

मोडीलिपी

कन्व्होल्यूशनला ‘वळी’ हा छान शब्द आहे की! मेंदूच्या वळ्या आपण म्हणतोच. मग वर्तुळाकार वळी आणि सरळ वळी. शब्द घरचा आहे, उगाच संस्कृतात कशाला जायचं?

पानगळ

मेंदूतल्या कन्व्होल्यूशनला वळी अगदी बरोबर. इथे मात्र ती एक क्रिया आहे. एक सिग्नल उलटा करून दुसऱ्यावरून सरकवायचा, प्रत्येक थांब्यावर गुणाकार करायचे आणि त्यांची बेरीज घ्यायची. मी त्याला ‘संवलन’ लिहिते. वर्गात सगळे कन्व्होल्यूशनच म्हणतात. तो शब्द राहू दे. अडचण त्याच्या मागच्या विशेषणांची आहे.

उत्तररात्र

लिनियरला ‘रेषीय’ लिहा. दहावीच्या पुस्तकात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ आहे, मुलांच्या ओळखीचा शब्द आहे. अर्थही जुळतो. लिनियर सिस्टिमला लागू पडतं ते लिनियर कन्व्होल्यूशन. सर्क्युलरमध्ये तो गुण राहत नाही, म्हणून त्याचं उत्तर चुकतं.

कंपनमापक

शब्द एक वेळ चालेल, पण कारण चालणार नाही. सर्क्युलर कन्व्होल्यूशनही त्या अर्थाने पूर्ण रेषीय असतं. इनपुट दुप्पट केलं की आउटपुट दुप्पट, दोन इनपुटांची बेरीज दिली की आउटपुटांची बेरीज. इथल्या ‘लिनियर’चा त्या गुणाशी संबंध नाही. सिग्नलाच्या जागा एका सरळ रेषेवर मांडल्या आहेत, की शेवटची जागा पहिलीला जोडून त्यांचं कडं केलं आहे, एवढाच प्रश्न आहे. म्हणून ‘एकघाती’ तर नकोच. ‘रेषीय’ लिहिलं तर मुलं दहावीतला अर्थ घेऊन येतील आणि तुम्ही आत्ता केलात तसा तर्क करतील. मी ‘सरळ’ आणि ‘चक्रीय’ लिहितो.

पानगळ, टिपणांत आकडे द्या, शब्दांचं निम्मं ओझं कमी होईल. सिग्नल 1, 2, 3, 4 घ्या आणि फिल्टर 1, 1, 1. हा फिल्टर प्रत्येक जागी एकच काम करतो: आत्ताची किंमत आणि मागच्या दोन किमती यांची बेरीज. सरळ संवलनात पहिल्या जागी मागे काही नाही, म्हणून 1. मग 1 + 2 = 3, मग 6, मग 2 + 3 + 4 = 9. सिग्नल इथे संपला, पण फिल्टर अजून त्याच्यावरून पुरता उतरलेला नाही. म्हणून आणखी दोन उत्तरं येतात: 3 + 4 = 7 आणि शेवटी 4. एकूण सहा: 1, 3, 6, 9, 7, 4.

आता चारच जागांचा डीएफटी घेऊन तेच करा. पहिल्या जागी ‘मागच्या दोन किमती’ विचारल्या की कड्यावरून मागे जावं लागतं आणि तिथे 4 आणि 3 बसले आहेत. बेरीज 1 + 4 + 3 = 8. दुसऱ्या जागी 2 + 1 + 4 = 7. पुढे 6 आणि 9 ठीक येतात. उत्तर 8, 7, 6, 9. सरळ उत्तराशी ताडून बघा: मागे उरलेले 7 आणि 4 पुढच्या 1 आणि 3 मध्ये मिसळले आहेत. काहीही हरवलेलं नाही, फक्त ते चुकीच्या जागी जाऊन पडलं आहे.

पानगळ

हे मिसळणं मला आज पहिल्यांदा नीट दिसलं. पण डीएफटी असं का करतो? गुणाकार तर आपणच करतो आहोत.

कंपनमापक

डीएफटी सिग्नलाची फोड ज्या लहरींमध्ये करतो, त्यातली प्रत्येक लहर N जागांत पूर्ण फेऱ्या मारते आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जागा शून्यापासून मोजल्या, तर चार जागांच्या डीएफटीतल्या कुठल्याही लहरीची किंमत 0 या जागी आणि 4 या जागी सारखीच असते. म्हणजे ज्या साहित्यातून उत्तर बांधायचं, त्यालाच 0 आणि 4 यांतला फरक ठाऊक नाही. घड्याळात दहा वाजल्यानंतर पाच तासांनी तीन वाजतात, पंधरा नाही, तसंच हे. त्यामुळे चौथ्या जागेचं उत्तर शून्याव्या जागेवर जाऊन बसतं, पाचव्याचं पहिल्यावर.

उपाय यातूनच निघतो. कडं एवढं मोठं घ्या की सगळी सहा उत्तरं फेरी पूर्ण व्हायच्या आत संपतील. लांबी L आणि M असतील तर निदान L + M − 1 जागा लागतात; इथे 4 + 3 − 1 = 6. सिग्नलाच्या शेवटी दोन शून्यं, फिल्टरच्या शेवटी तीन. आता पहिल्या जागेवरून मागे गेलं तरी तिथे शून्यंच भेटतात. पाच घेतले तर अर्धवट काम होतं, फक्त शेवटचा 4 फिरून पुढे येतो. मुलांना हे स्वतः चालवून बघू द्या:

```python
import numpy as np
x = [1, 2, 3, 4]
h = [1, 1, 1]
for N in (4, 5, 6, 8):
    X = np.fft.fft(x, N)
    H = np.fft.fft(h, N)
    print(N, np.fft.ifft(X * H).real.round(6))
```

`fft` ला दिलेला N सिग्नलापेक्षा मोठा असला की शेवटी शून्यं आपोआप लागतात. लहान असला तर मात्र सिग्नल न सांगता कापला जातो, तेवढं जपा.

उत्तररात्र

रेषीयबद्दल पटलं. पण हा हिशेब कशाला? आम्हाला सांगायचे, दोनाच्या पुढच्या घातापर्यंत शून्यं लावा, म्हणजे एफएफटी जलदही होतो. वरच्या उदाहरणात 8 येतात, काम होतं.

कंपनमापक

8 ने होतं, कारण 8 हे 6 पेक्षा मोठे आहेत. दोनाचा पुढचा घात कशाच्या पुढचा, हे महत्त्वाचं. सिग्नल 1000 सॅम्पलांचा आणि फिल्टर 101 चा असेल, तर 1000 च्या पुढचा घात 1024. उत्तराची लांबी मात्र 1100. उरलेले 76 सॅम्पल फिरून पुढे येतात आणि पहिले 76 बिघडतात. आधी 1100 काढायचे, मग त्याच्या पुढचा घात, म्हणजे 2048. वेगासाठी दोनाचाच घात हवा असंही नाही. आजच्या लायब्ऱ्या 2, 3, 5 अशा लहान अवयवांच्या लांबीवर छान चालतात. 1100 म्हणजे 4 × 25 × 11, तीही वाईट नाही.

माइकवाला

मी ध्वनिमुद्रणातला माणूस आहे, गणित जेमतेम. पण हे वाचून एक जुनं कोडं आठवलं. एकाने पखवाजाचं दहा सेकंदांचं कोरडं मुद्रण आणलं होतं. त्याला एका देवळाच्या सभामंडपाचा घुमारा द्यायचा होता. मंडपात फुगा फोडून तो घुमारा टिपला होता, साधारण दोन सेकंदांचा. संगणकावर दोन्ही एकत्र केलं आणि गंमत अशी की पहिली थाप पडायच्या आधीच मागे पखवाज घुमत होता. शेवटची थाप मात्र घुमायच्या आतच कापल्यासारखी बंद. आम्ही माइक, केबल, फाइल सगळं तपासलं. हे तेच का?

कंपनमापक

लक्षणं अगदी तीच. 48000 च्या दराने तुमचं मुद्रण 480000 सॅम्पल, घुमारा 96000. उत्तर 575999 सॅम्पलांचं व्हायला हवं, म्हणजे जवळजवळ बारा सेकंद. त्यांची फाइल दहाच सेकंदांची निघाली असेल तर शंकाच नको: शेवटच्या थापेचं शेपूट पहिल्या दोन सेकंदांत शिरलं. कानाला ते आधी ऐकू आलेल्या घुमाऱ्यासारखं वाटणार.

पारखायची सोपी रीत सांगतो. सगळी शून्यं आणि अगदी शेवटच्या जागी एकच 1, असा सिग्नल पाठवा. उत्तराच्या सुरुवातीला शून्याखेरीज काही दिसलं तर कडं अपुरं आहे. बेरजेवर विसंबू नका. वरच्या उदाहरणात सरळ उत्तराची बेरीज 30 आणि चक्रीय उत्तराचीही 30.

माइकवाला

फाइल दहाच सेकंदांची होती!

बिंबप्रतिबिंब

फोटोंच्या कामात हेच दोन्ही दिशांना होतं. डीएफटीने फोटो धूसर केला की वरच्या आभाळाचा उजेड खालच्या जमिनीच्या कडेला उतरतो आणि डावीकडचं उजवीकडे झिरपतं. पण शून्यं लावूनही माझं समाधान होत नाही. शून्य म्हणजे काळा, म्हणून फोटोला चारी बाजूंनी काळपट किनार येते. मी कडेचा भाग आरशातल्यासारखा उलटा करून बाहेर जोडतो. तेव्हा टिपणांत ‘शून्यं लावली की उत्तर बरोबर’ असं सरसकट लिहू नका.

कंपनमापक

सरळ संवलनाचं उत्तर म्हणून ती काळपट किनारही बरोबरच आहे. सरळ संवलन सिग्नलाबाहेर शून्य आहे असं धरूनच चालतं. फोटोच्या बाहेर जग काळं नसतं, म्हणून ते गृहीतकच तुमच्या कामाला लागू नाही. आणि चक्रीय उत्तर दर वेळी नकोसं असतं असंही नाही. एकाच अक्षांशावर पृथ्वीभोवतीचं तापमान मोजलं तर 359 अंशांचा शेजारी 0 अंशच असतो. तिथे शून्यं लावली तर चूक होईल. फोर-जीमध्ये तर मुद्दाम उलटं करतात. प्रत्येक तुकड्याच्या शेपटाची नक्कल त्याच्या पुढे चिकटवतात, म्हणजे हवेतून येताना झालेलं सरळ संवलन त्या तुकड्यापुरतं चक्रीय होतं आणि घेणाऱ्याला ते नुसत्या भागाकाराने सोडवता येतं.

पानगळ

विशेषणं ठरली: सरळ आणि चक्रीय. आता पॅडिंग. ‘शून्ये भरणे’ मला खटकतं, कारण पुढच्याच प्रकरणात सॅम्पलिंगचा दर वाढवताना दोन किमतींच्या मधे शून्यं घालतात. तिथेही ‘भरणे’च सुचतं, पण ती क्रिया निराळी.

कंपनमापक

निराळीच. मधे शून्यं घातली की स्पेक्ट्रमच्या प्रती तयार होतात. शेवटी लावली की तोच स्पेक्ट्रम जास्त जवळजवळच्या बिंदूंवर मोजला जातो. शब्द वेगळे हवेतच.

मोडीलिपी

वळी मागे घेतो. मग ‘पुरवणी’ घ्या की. उत्तरपत्रिकेला पुरवणी लागते ती शेवटीच, आणि आधीचं लिहिलेलं काही हलत नाही. ‘शून्यांची पुरवणी’.

पानगळ

हे फार आवडलं. ‘दोन्ही सिग्नलांना शून्यांची पुरवणी जोडून लांबी निदान L + M − 1 करावी, मग डीएफटीने येणारं चक्रीय संवलन सरळ संवलनाइतकंच असतं.’

बिंबप्रतिबिंब

माझ्या फोटोंना चारी बाजूंनी लावावं लागतं, तिथे पुरवणी कशी म्हणू? आणि आरशासारखं जोडतो त्याला काय?

उत्तररात्र

चारी बाजूंना असेल तर ‘किनार’ म्हणा: शून्यांची किनार, आरशाची किनार. पण मग एकाच पॅडिंगला दोन शब्द होतील. परीक्षेत इंग्रजी संज्ञा ओळखताना मुलांचा गोंधळ नाही होणार?