'क्रेडिट ट्रान्सफर'ला काय म्हणावं: हस्तांतरण, वर्ग, वळते की जमेस धरणे?

अवंती
एका विद्यापीठाचं माहितीपत्रक मराठीत करतेय, कमी मुदतीच्या सर्टिफिकेट कोर्सचं. मूळ वाक्याचा मतलब असा की कोर्स पूर्ण केला तर त्याचे 6 क्रेडिट, पुढे त्याच विषयात मास्टर्सला प्रवेश मिळाल्यास, त्यात मोजले जाऊ शकतात. मी लिहिलं 'या श्रेयांकांचे पदवी अभ्यासक्रमात हस्तांतरण होईल'. तपासणाऱ्या बाईंनी 'होईल'वर आणि 'हस्तांतरण'वर, दोन्हीवर गोल केलाय. 'होईल'चं कळलं, 'होऊ शकेल' हवं. पण हस्तांतरणात काय खटकलं असेल? सगळीकडे तोच शब्द दिसतो की. आणि अशा छोट्या कोर्सच्या सर्टिफिकेटला, म्हणजे मायक्रोक्रेडेन्शियलला, 'सूक्ष्म अर्हता' लिहिलंय, ते तरी चालेल का?

रानवारा
सूक्ष्म अर्हता!! सूक्ष्मदर्शकातून बघायची का? 'लघुप्रमाणपत्र' म्हणा सरळ.

तिरकस
लघु म्हटलं की पुढे काय येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते राहू दे :)
हस्तांतरणाचं म्हणाल तर बाईंचं बरोबर आहे. हस्तांतरण म्हणजे एका हातातून वस्तू गेली आणि दुसऱ्या हातात आली, घर हस्तांतरित केलं की पहिल्याकडे घर उरत नाही. क्रेडिटचं तसं होत नाही, पहिल्या संस्थेच्या गुणपत्रकावर ते असतातच. 'वर्ग करणे' म्हणा, खात्यातून खात्यात वर्ग करतात तसं.

मोरपीस
पण खात्यातून वर्ग केले तरी पहिल्या खात्यातले जातातच ना. मग तुमचा शब्द बरा कसा?

तिरकस
हं. तेही आहेच म्हणा.

खडूफळा
मी काही वर्षं एका विद्यापीठात समकक्षतेचे अर्ज तपासायच्या समितीत होतो म्हणून सांगतो, यात शब्दाच्या आधी गोष्टच नीट समजून घ्यायला हवी, कारण क्रेडिट 'जात' कुठेच नाहीत. पहिली संस्था फक्त एवढं म्हणते की या माणसाने इतक्या तासांचं काम केलं, या पातळीचं केलं आणि परीक्षेत पास झाला. दुसरी संस्था ते वाचते आणि आपलं आपण ठरवते. पाठवणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, सगळा निर्णय घेणाऱ्याचा. आणि तो निर्णयही एक नसून दोन आहेत, हे क्रेडिट खरे मानायचे का आणि मानले तर ते पदवीच्या कुठल्या खान्यात टाकायचे. लोक पहिल्यालाच ट्रान्सफर समजून आनंदात असतात आणि दुसऱ्यावर अडतात.

अवंती
@खडूफळा, हा दुसरा निर्णय नीट कळला नाही. एकदा मानले की झालं ना?

खडूफळा
नाही, तिथेच तर गंमत आहे. एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडी बदलून. मास्टर्स 120 क्रेडिटची, युरोपातल्या पद्धतीची, म्हणजे वर्षाला 60. त्यात 60 सक्तीचे विषय, 24 दिलेल्या यादीतून निवडायचे, 6 पूर्ण मोकळे आणि 30 चा प्रबंध. मुलीकडे डेटा ॲनालिसिसचं 6 क्रेडिटचं सर्टिफिकेट होतं. पातळी मास्टर्सचीच, परीक्षा ओळखपत्र तपासून घेतलेली, देणारी संस्था मान्यताप्राप्त, त्यामुळे मानायला कुणाचीच हरकत नव्हती. तिचं म्हणणं होतं की सक्तीचा संख्याशास्त्राचा विषयही 6 चाच आहे, तर तो सुटावा. आम्ही दोन्हीकडची अध्ययन निष्पत्ती शेजारी ठेवून वाचली. रिग्रेशनचा भाग जवळपास सारखा, पण नमुना निवड आणि प्रयोगाची आखणी तिच्या कोर्समध्ये अजिबात नव्हती, आणि दुसऱ्या वर्षाचे दोन विषय त्यावरच उभे होते. मग तिचे 6 मोकळ्या खान्यात टाकले. तो खाना तिथेच भरला. नंतर तिने आणखी एक 5 चं सर्टिफिकेट आणलं, तेही चांगलं होतं, मान्यही झालं, पण टाकायला जागाच नाही, गुणपत्रकावर जादाचे म्हणून नोंदले एवढंच.
आणि 114 उरले म्हणून कोर्स लवकर संपला का, तर नाही. सक्तीचे विषय ठरलेल्या सत्रातच चालायचे, प्रबंध शेवटच्या सत्रातच. एका सत्रात ओझं हलकं झालं, मुदत एक महिनासुद्धा कमी झाली नाही.

रानवारा
म्हणजे फसवणूकच की ही. जाहिरातीत 'पदवीकडे पहिलं पाऊल' म्हणायचं आणि मग जागा नाही म्हणायचं.

खडूफळा
फसवणूक म्हणणार नाही, पण 'मोजले जाऊ शकतात' यातल्या 'शकतात'वर किती ओझं आहे ते बघा. उलटा प्रकारही असतो. त्याच मुलीला प्रोग्रॅमिंग येत होतं म्हणून तो सक्तीचा विषय सोडला, पण त्याचे क्रेडिट दिले नाहीत, त्याऐवजी दुसरा 6 चा विषय घे म्हणाले. म्हणजे एकीकडे क्रेडिट मिळाले पण विषय सुटला नाही, दुसरीकडे विषय सुटला पण क्रेडिट मिळाले नाहीत. इंग्रजीत या दोन्हीला वेगळे शब्द आहेत, मराठीत सगळं 'सूट' या एकाच शब्दात कोंबतात आणि मग खिडकीवर भांडणं होतात.

आबासाहेब
'सूट' कशाला, 'माफी' हा जुना चांगला शब्द आहे.

मोरपीस
माफी अरबी ना हो आबा? तुम्हीच मागच्या चर्चेत फारसी-अरबी शब्दांवर तुटून पडला होतात.

आबासाहेब
जो रुळला तो आपला. पण जिथे आपल्याकडे संस्कृतचा आहे तिथे का घ्यायचा नाही? श्रेयांक हा उत्तम शब्द आहे. श्रेय म्हणजे अधिक चांगलं, उपनिषदात श्रेय आणि प्रेय असा भेदच केलाय.

तिरकस
मग नुसते व्हिडिओ बघून मिळतात ते प्रेयांक :D

नीलमोहर
श्रेयांक हा शब्दच मुळात गंडलेला आहे. इंग्रजी क्रेडिटचं मूळ लॅटिन क्रेदेरे, विश्वास ठेवणे. म्हणजे त्यात कौतुकाचं श्रेय नाहीच, पत आहे. कुणीतरी कोशात क्रेडिट बघितलं, पहिला अर्थ 'श्रेय' दिसला आणि दिला चिकटवून. खरं तर हिशेबाच्या भाषेत क्रेडिटला आपल्याकडे कधीचा शब्द आहे, जमा. आणि अवंतीताईंना हवा असलेला वाक्प्रचार तयारच आहे, 'जमेस धरणे'. 'हे 6 क्रेडिट पदवीत जमेस धरले जाऊ शकतात.' धरणारा कोण हेही त्यात येतं, आणि नाही धरले तरी तुमच्याकडचे जात नाहीत.

तिरकस
हे झकास आहे. माझं 'वर्ग' मागे घेतो. पण 'वळते करून घेणे' पण बघा, पगारातून उचल वळती करून घेतात तसं 120 मधून 6 वळते करून घेतले. वजाबाकी स्पष्ट दिसते.

मोरपीस
वळते करण्यात समोरच्याने आपल्याकडून काहीतरी कापून घेतल्याचा वास येतो. इथे आपला फायदा होतोय ना.

गोष्टीवेल्हाळ
चर्चा छान चाललीय पण मला एक विचारायचंय. मी पूर्वी फोटोग्राफीचा 40 तासांचा ऑनलाइन कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे. आता दृश्यकलेची पदवी करायची म्हणतोय. त्यांच्याकडे 25 तासांना 1 क्रेडिट आहे, म्हणजे माझे दीड तरी धरतील ना?

रानवारा
का नाही धरणार, 40 भागिले 25, 1.6 येतात. युरोपात 2022 साली नियमच केलाय की मायक्रोक्रेडेन्शियल सगळ्यांनी मानायचे.

खडूफळा
अर्धं बरोबर आहे रानवारा. 2022 च्या जूनमध्ये युरोपियन युनियनच्या कौन्सिलने केली ती शिफारस आहे, कायदा नव्हे. त्यात सर्टिफिकेटवर काय काय लिहिलेलं असावं ते सांगितलंय: शिकणाऱ्याला काय येतं, काम किती, पातळी कुठली, परीक्षा कशी घेतली, दर्जा कोण तपासतं वगैरे. पण क्रेडिट धरा अशी सक्ती त्यात कुणावरच नाही.
गोष्टीवेल्हाळ, तुमच्या 40 तासांचं म्हणाल तर ते 40 कसले तास आहेत ते आधी बघा. 1 क्रेडिटला 25 ते 30 तास म्हणतात ते विद्यार्थ्याच्या एकूण मेहनतीचे, म्हणजे तासिका, घरचा अभ्यास, प्रकल्प, परीक्षा सगळं धरून. ऑनलाइन कोर्सवर बरेचदा फक्त व्हिडिओची लांबी लिहिलेली असते. आणि सर्टिफिकेटवर 'सहभागी झाले' लिहिलंय की 'उत्तीर्ण झाले'? नुसता सहभाग असेल तर भागाकार करायची वेळच येत नाही.

गोष्टीवेल्हाळ
'यशस्वीरीत्या सहभाग पूर्ण केला' असं लिहिलंय.

तिरकस
हे वाक्य लिहिणाऱ्याला मात्र पूर्ण श्रेयांक द्या.

नीलमोहर
पण मग कुठलंच छोटं सर्टिफिकेट पदवीत खात्रीने जात नाही असं म्हणायचं का? एमआयटीचं सप्लाय चेनचं मायक्रोमास्टर्स तर जातं ना, ऑनलाइन भाग करून उरलेलं एका सत्रात पुरं करतात.

खडूफळा
जातं, कारण तिथे कुठला खाना रिकामा ठेवायचा हे आधीच ठरवलं होतं. 2015 ला जाहीर करतानाच त्यांनी सांगितलं की ऑनलाइन कोर्स आणि शेवटची मोठी परीक्षा पार करणाऱ्याने प्रवेशासाठी अर्ज करायचा, निवड झाली तर ते काम एका सत्राच्या जागी धरू. पण निवड झाली तर. नाही झाली तर हातात सर्टिफिकेट आहे, एमआयटीचे क्रेडिट नाहीत. म्हणजे तिथेही ते क्रेडिट प्रवेशाच्या दिवशी जन्माला येतात. म्हणून अवंतीताई, तुमच्या पत्रकातलं 'प्रवेश मिळाल्यास' हे अजिबात गाळू नका, आणि मूळ इंग्रजीत कुठल्या खान्यात धरणार ते दिलं असेल तर तेही लिहा. दिलं नसेल तर विद्यापीठालाच विचारा, कारण वाचणारा तेच विचारणार.

अवंती
विचारलं. ते म्हणतात 'ऐच्छिक विषयांत, जागा असल्यास, आणि प्रमाणपत्र 5 वर्षांपेक्षा जुनं नसल्यास'. इंग्रजी पत्रकात यातलं एक अक्षर नाही! मराठीत घालू का म्हटलं तर म्हणाले मूळाबाहेर जाऊ नका.

रानवारा
बघा, मी म्हणत होतो ना.

मोरपीस
5 वर्षांनी क्रेडिट शिळे होतात हे मला नवीन आहे.

खडूफळा
संस्थेवर आहे. आपल्याकडे विद्यार्थ्यांचे क्रेडिट खात्यात जमा ठेवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, तिच्यात 2021 च्या नियमांनुसार जास्तीत जास्त 7 वर्षं राहतात. आणि एकदा पदवीसाठी वापरले की खात्यातून जातात, तेच क्रेडिट दुसऱ्या पदवीला दाखवता येत नाहीत.

तिरकस
थांबा थांबा! खात्यातून जातात? म्हणजे तिथे 'वर्ग करणे' चालेल की. माझं मागे घेतलेलं परत घेतो.

आबासाहेब
तिथे 'वटवणे' म्हणावं. हुंडी एकदा वटली की पुन्हा वटत नाही.

नीलमोहर
हुंडी कुठून आणलीत आबा. मग मोकळ्या खान्यात जागा नसली तर हुंडी 'न वटता परत' म्हणायचं का?

आबासाहेब
का नाही? मायक्रोक्रेडेन्शियल असे सात अक्षरी राक्षस वापरणाऱ्यांनी हुंडीला हसू नये.

मोरपीस
आठ. मोजा.