रफ काम खोडताना काय खोडायचं?

"मुलगा दहावीला आहे, इंदुरातच सीबीएसई. गणित-विज्ञानात रफ काम कुठे करायचं आणि शेवटी सगळं खोडायचं का?"

ताई, त्याच पानावर उजवीकडे तीन-चार बोटं रुंद पट्टी पेन्सिलीने आखायची, वर 'रफ' लिहायचं आणि गुणाकार-भागाकार तिथेच उरकायचे. शेवटच्या पानावर केलं, की उलटापालटीत आकडे चुकीचे उतरतात. काम झालं की पट्टीवर एकच तिरपी रेघ. गिरमिट केलं तर शाई मागच्या पानावर उमटते.

खरी गडबड होते ती पायरी खोडल्याने. मी इथे राजवाड्याजवळ शिकवणी घेते, तिथे हे सतत दिसतं. अंतर्गोल आरशाचं उदाहरण घ्या: u = −30 सेंमी, f = −15 सेंमी. मग 1/v = 1/f − 1/u = −1/15 + 1/30 = −1/30, म्हणून v = −30 सेंमी. मुलं पट्टीत हे सगळं सोडवतात, मुख्य जागी सूत्र आणि उत्तर तेवढं उतरवतात आणि पट्टी खोडून मोकळी होतात. मधल्या पायरीचा गुण गेलाच. पट्टीत फक्त 15 आणि 30 चा लसावि असावा. किरणाकृती पेन्सिलीने, पण किरणांना बाण हवेतच.

आणि पूर्ण उत्तर चुकलं असं वाटलं, तरी नवं लिहून होईपर्यंत जुनं खोडू देऊ नका. वेळ संपला, तर अर्धवट का होईना, तपासायला काही उरतं.