मदत हवी आहे: पोकरमध्ये शॉर्ट ऑल-इननंतर मला रेज का करू दिलं नाही?

गेल्या शनिवारी पणजीला मांडवीतल्या एका कसिनो बोटीवर नो-लिमिट होल्डेमची टूर्नामेंट खेळलो. एका हातात डीलरने मला अडवलं आणि ते अजून डोक्यातून जात नाही. ब्लाइंड 500/1000. माझ्याकडे सत्तीची जोडी. फ्लॉप आला: इस्पिक राजा, इस्पिक दुर्री, बदाम सत्ती. पहिला मीच बोलणार होतो, 3000 लावले. पुढच्याकडे फक्त 4800 होते, तो ऑल-इन गेला. त्याच्या पुढच्याकडे भरपूर चिप्स होत्या, त्याने 4800 कॉल केले. मी 'ऑल-इन' म्हणालो. डीलर म्हणाला, तुम्ही फक्त 1800 भरा नाहीतर पत्ते टाका, रेज करता येणार नाही. डीलरच्या वरचा निर्णय देणारा फ्लोअर बोलावला, त्यानेही तेच सांगितलं आणि माझं बोलणं कॉल धरलं. टर्नला तिसरं इस्पिक आलं, कॉल केलेल्याचा फ्लश लागला. समोर दोघांनी पैसे घातल्यावर माझा रेजचा हक्क कसा जातो?

किल्वरराणी: तुमच्यावर अन्याय झाला. लावलेल्या रकमेच्या निम्म्याहून जास्त वाढ झाली की बेटिंग पुन्हा उघडतं. 3000 चे निम्मे 1500, त्याने तर 1800 वाढवले.

सोमवारकट्टा: साइड पॉट कसा केला होता? 4800 वाल्याला मुख्य पॉटच मिळतो, बाकीच्यावर त्याचा हक्क नाही.

धागाकर्ता: साइड पॉटबद्दल वाद नाही, तो बरोबर होता. प्रश्न रेजचा आहे.

जुनाडीलर: किल्वरराणी, निम्म्याचा नियम आहे, पण लिमिट पोकरचा. नो-लिमिटमध्ये वाढ पूर्ण लागते. शेवटची पूर्ण बेट 3000 ची, म्हणजे पूर्ण रेज 6000 ला झाला असता. 4800 हा त्यापेक्षा कमी. ऑल-इन असल्यामुळे तो चालतो, पण जो आधी बोलून बसला आहे त्याला तो पुन्हा तोंड उघडायची संधी देत नाही. तुम्ही किंमत ठरवली होती, ती 1800 ने सरकली, एवढंच. कॉल करणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो तोपर्यंत बोललाच नव्हता, त्यामुळे त्याला रेज करता आला असता, कमीत कमी 7800 ला. 4800 वर शेवटची पूर्ण वाढ 3000 मिळवायची. बरेच जण इथे 1800 मिळवतात, ते चूक.

किल्वरराणी: आमच्या घरच्या टेबलावर आम्ही नो-लिमिटलाही निम्मेच धरत आलोय. काही कॅश गेममध्येही असंच बघितलंय.

जुनाडीलर: घरी आधी सगळ्यांनी ठरवलं असेल तर चालेल. टूर्नामेंटमध्ये टीडीएचे, म्हणजे टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे नियम, तिथे नाही.

नदीपलीकडे: माझ्या वेळी उलटं झालं होतं. मी 3000 लावले, एक 4800 ऑल-इन, एकाने कॉल, मग शेवटचा 6300 ऑल-इन. दोन्ही अपुरे, तरी मला रेज करू दिला. कॉल केलेला मात्र चिडला, कारण मी नुसता कॉल केला असता तर त्याला रेज मिळाला नसता म्हणे.

जुनाडीलर: अगदी बरोबर झालं. अपुऱ्या ऑल-इनची बेरीज होते. तुमच्याकडे पाळी आली तेव्हा तुम्हाला 3300 भरायचे होते, 3000 हून जास्त, म्हणून उघडं. त्याला 1500 च भरायचे होते, म्हणून बंद. प्रत्येकाला स्वतःसमोरचं अंतर मोजायचं असतं, टेबलाचं नाही. तुम्ही पूर्ण रेज केला असता तर त्यालाही उघडलं असतं.

धागाकर्ता, आता तुमच्या हाताकडे. त्याचे 4800 समोर दिसत होते. तुम्ही 2400 किंवा कमी लावले असते तर त्याचं ऑल-इन पूर्ण रेज ठरलं असतं आणि पाळी आल्यावर तुम्हाला ऑल-इन जाता आलं असतं. नाहीतर पहिल्याच झटक्यात मोठं लावून फ्लश ओढणाऱ्याकडून पूर्ण किंमत घ्यायची. 2400 आणि 4800 च्या मधलं काहीही लावलं की तो ऑल-इन गेल्यावर तुमचा हात बांधला जातो.

धागाकर्ता: हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी 3000 का लावले विचाराल तर पॉटकडे बघून, त्याच्या चिप्स मोजल्याच नाहीत. एक राहिलं: रेज करता येत नसताना मी 'ऑल-इन' म्हणालो, ते कॉलच धरायचं का? पत्ते टाकायची मुभा मागता आली असती?

किल्वरराणी: बोललेलं बांधील. कॉलच.

नदीपलीकडे: मी एका फ्लोअरला खेळाडूला पुन्हा विचारताना पाहिलंय. बेत नियमाला धरून नसेल तर आधी समजावून सांगतात.

जुनाडीलर: मी कॉल धरला असता, पण दुसरा फ्लोअर वेगळं ठरवेल हेही खरं. पुढच्या वेळी आधी विचारा, 'मला रेज उघडा आहे का?' डीलरने ते सांगायला हवं.