गाळा नंबर ३ ला रंग कोणता? (सोसायटी ग्रुप, शनिवार-रविवार)

प्रसाद (बी-२०४): सगळ्यांना नमस्कार. गाळा नंबर ३ चा करार झाला. दिवाळीआधी मिसळ, पोहे, साबुदाणा खिचडी सुरू करतोय. पेंटर म्हणतोय आतून लालभडक मारा, लाल रंगाने भूक लागते. रेणुकाला हिरवा हवाय. मतं द्या.

देशपांडे काका (ए-३०२): अभिनंदन! लाल आणि पिवळा. मोठ्या बर्गरवाल्यांनी उगाच नाही निवडला. निळा मात्र चुकूनही नको, निळ्याने भूक मरते. कालच एक फॉरवर्ड आलाय, टाकतो इथे.

अक्षय (ए-५०१): काका, त्याच बर्गरवाल्यांनी २००९ मध्ये जर्मनीत पाटीवरचा लाल काढून गडद हिरवा केला. तिथल्या लोकांची भूक वेगळी असते का?

देशपांडे काका (ए-३०२): तुला प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायचे असतात.

नीता काकू (सी-४०३): विषय निघालाच आहे तर माझंही विचारते. आमच्या जेवणाच्या टेबलामागची भिंत मागच्या वर्षी मोरपंखी केली. दिसते सुंदर, पण पाहुणे म्हणतात भाजी काळपट दिसते. भिंत बदलू का?

मृणालताई (सी-१०१): काकू, भिंतीला हात लावू नका अजून. टेबलावर कोणता दिवा आहे?

नीता काकू (सी-४०३): छतात एक गोल एलईडी आहे. पांढराशुभ्र.

मृणालताई (सी-१०१): तोच आधी बदलू. सांगते सविस्तर, प्रसादच्याही कामाचं आहे. मी रंगाच्या कारखान्यात शेड मॅचिंगला होते हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. तिथे दोन पत्रे एकाच रंगाचे आहेत का, हे ठरवायला राखाडी रंगाची पेटी असायची आणि तिच्यात तीन-चार प्रकारचे दिवे. एका दिव्यात जुळलेले पत्रे दुसऱ्यात वेगळे दिसायचे. जेवणाचं तसंच आहे. ताटातल्या पदार्थाचा रंग निम्मा पदार्थाचा असतो, उरलेला दिव्याचा आणि शेजारच्या भिंतीचा.

अक्षय (ए-५०१): म्हणजे लाल रंगाने भूक वाढते हे खोटं?

मृणालताई (सी-१०१): भिंत लाल केली म्हणून माणूस जास्त जेवला, याचा भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात नाही. प्रयोग झालेत ते मुख्यतः ताटलीवर, कपावर आणि दिव्यावर, आणि तेही उलटेच निघाले. २०१२ मध्ये युरोपात एका प्रयोगात लाल ताटलीतून लोकांनी खारी बिस्किटं कमी खाल्ली. पुढच्या वर्षी इटलीत पार्मा विद्यापीठाने पॉपकॉर्न आणि चॉकलेट देऊन तेच पाहिलं, लाल ताटलीतून कमी उचललं गेलं. गंमत म्हणजे त्यांनी हाताला लावायचं क्रीमही लाल ताटलीत ठेवलं, तर तेही लोकांनी कमी वापरलं! म्हणजे भुकेशी संबंध नसावा, लाल दिसलं की माणूस जरा हात आखडता घेत असावा.

देशपांडे काका (ए-३०२): आणि निळा?

मृणालताई (सी-१०१): निळ्याबद्दल तुमच्या फॉरवर्डमध्ये थोडं तथ्य आहे काका. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठाने निळ्या दिव्याखाली नाश्ता दिला. पुरुषांनी कमी खाल्लं, बायकांच्या खाण्यात फरक पडला नाही. पण तो पूर्ण निळा दिवा होता, भिंत नव्हती. आपल्याकडे मिठाईवाले निळ्या खोक्यांतून पेढे विकतात, कुणी परत आणून देत नाही.

नीता काकू (सी-४०३): बायकांना फरक पडला नाही, हे वाचून बरं वाटलं 😄

गोखले (सेक्रेटरी): चर्चा चालू द्या. फक्त गाळ्याच्या बाहेरच्या भिंतीचा रंग बदलता येणार नाही, शटरला एलिव्हेशनमधलाच राखाडी. आणि उद्या सकाळी टाकी धुणार आहेत, ९ ते १२ पाणी बंद.

प्रसाद (बी-२०४): हो काका, फक्त आतूनच. ताई, मग मी नेमकं काय करू? गाळा १० बाय १४, उंची १०. आधी दवाखाना होता. खाली चार फूट हिरव्या चकचकीत टाइल्स, वर पांढरा रंग, दोन ट्यूब. टेबलं दोन्ही भिंतींना चिकटून.

मृणालताई (सी-१०१): मला लाल-हिरव्यापेक्षा त्या टाइल्सची काळजी वाटते. उद्या सकाळी भेटू गाळ्यात. दोन प्लेट मिसळ, एक पांढरा कागद, मोठा पुठ्ठा एवढं आण. इरफानभाई, तुमच्या दुकानातून पिवळसर प्रकाशाचा एक बल्ब मिळेल? केल्विनचा आकडा लहान तितका प्रकाश पिवळसर, म्हणून ३००० केल्विनचा, आणि रंग खरे दाखवणारा, म्हणजे सीआरआय ९० च्या वरचा.

इरफानभाई (डी-१०३): ३००० चा आहे. सीआरआय ९० चा काउंटरला ठेवत नाही कारण कुणी मागत नाही, पण शोरूमच्या कामातला एक उरलाय, तो आणतो. मिसळ तीन प्लेट सांगा 🙂

— रविवार —

रेणुका (बी-२०४): सकाळच्या प्रयोगाबद्दल लिहिते, प्रसाद सामान आणायला गेलाय. मधोमध पुठ्ठा उभा केला. एका बाजूला जुन्या ट्यूबखाली एक प्लेट, दुसऱ्या बाजूला इरफानभाईंच्या बल्बखाली दुसरी. मिसळ एकाच पातेल्यातली. ट्यूबखालचा कट विटकरी-तपकिरी दिसत होता, जणू कालचा. फरसाण हिरवट पिवळं. बल्बखाली तर्री लाल, तेलाला चमक, आणि कोथिंबीर तरीही हिरवीच. मी हिरव्या रंगासाठी भांडत होते, आता गप्प आहे.

अक्षय (ए-५०१): फोटो टाका ना.

मृणालताई (सी-१०१): फोटोत कळणार नाही. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत पांढरा रंग स्वतःच सावरून घेतो आणि दोन्ही प्लेट सारख्या करून टाकतो. आपले डोळेही तेच करतात, म्हणून दोन्ही प्लेट एकाच वेळी शेजारीशेजारी ठेवाव्या लागतात. एक आत्ता आणि एक तासाभराने पाहिली तर सगळं ठीकच वाटतं.

नीता काकू (सी-४०३): पण असं होतं कशाने? ट्यूबही पांढराच प्रकाश देते ना?

मृणालताई (सी-१०१): एलईडीत मुळात निळा प्रकाश देणारा तुकडा असतो, त्यावर पिवळ्या पावडरचा थर देऊन पांढरा प्रकाश काढतात. ६५०० केल्विनच्या स्वस्त ट्यूबमध्ये निळा भरपूर आणि गडद लाल फार थोडा. तर्रीवर लाल प्रकाश पडलाच नाही तर ती परत काय फेकणार? सीआरआय म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा आकडा, जास्तीत जास्त १००. पण तो फिक्या रंगांच्या नमुन्यांवरून काढतात, त्यामुळे ८० च्या दिव्यातही गडद लाल मेलेला असू शकतो. तिखट, टोमॅटो, बीट, सोलकढी यांसाठी ९० च्या वरचाच घ्यायचा.

इरफानभाई (डी-१०३): बॉक्सवर सीआरआय लिहिलेलाच नसेल तर ८० च्या आसपास किंवा खाली धरून चाला. आणि नुसता पिवळसर म्हणून घेऊ नका, पिवळसर दिवाही हलक्या दर्जाचा असू शकतो.

रेणुका (बी-२०४): टाइल्सचं राहिलं. ताईंनी पांढरा कागद टेबलावर भिंतीला लावून ठेवला. भिंतीकडची कड चक्क हिरवट. मग कागद हातभर पुढे ओढला, तर पांढरा. लाल घोटीव कागद आणून त्या जागी उभा केला तर कड गुलाबी झाली आणि प्लेटमधली कोथिंबीर काळपट.

मृणालताई (सी-१०१): म्हणून पेंटरच्या लालला माझा विरोध. मिसळीत तर्री लाल, फरसाण पिवळं, कांदा पांढरा, कोथिंबीर हिरवी असते. चारही रंग उठून दिसले की ती ताजी वाटते. लाल भिंत फक्त तर्रीचं भलं करते. शिवाय गडद लाल भिंत बहुतेक प्रकाश गिळते, १० फुटी गाळ्यात दिवे वाढवत बसावे लागतील. हिरवी भिंतही प्लेटच्या शेजारी नकोच, माणसांचे चेहरेसुद्धा आजारी दिसतात.

देशपांडे काका (ए-३०२): पण मग केळीचं पान? ते हिरवंच असतं की! त्यावर तर दोन घास जास्त जातात.

मृणालताई (सी-१०१): मस्त प्रश्न काका. पान पदार्थाच्या खाली असतं, त्यावर प्रकाश वरून पडतो. पांढरा भात, पिवळं वरण, लाल लोणचं हे हिरव्यावर उठून दिसतं, तो शेजारच्या रंगाचा विरोध. भिंत बाजूने स्वतःचा रंग पदार्थावर टाकते. पदार्थाखालच्या रंगाने चवही थोडी बदलते. स्ट्रॉबेरी मूस पांढऱ्या आणि काळ्या बशीत देऊन पाहिलं, तर पांढऱ्या बशीतला लोकांना जास्त गोड लागला. तुमच्या स्टीलच्या ताटाचं मात्र वेगळंच, ते आजूबाजूचं सगळं दाखवतं, भिंतीचा रंगही.

प्रसाद (बी-२०४): आलो. मग ठरवूया. टाइल्स तोडायचा खर्च आणि मलबा नकोय.

मृणालताई (सी-१०१): तोडू नकोस. जुन्या घट्ट बसल्या असतील तर अ‍ॅडेसिव्हने वरच नव्या लावता येतात. नाण्याने टकटक कर, पोकळ आवाज आला तर तेवढीच काढ. हस्तिदंती किंवा फिकट बदामी, कमी चमकेची. तीन भिंती धरल्या तर ३८ फूट लांबी, चार फूट उंची, म्हणजे १५२ चौरस फूट. तूटफुटीला दहा टक्के जोड, १७० घे. सांधे पांढऱ्या सिमेंटने भरू नकोस, हळद बसली की निघत नाही. इपॉक्सी ग्राउट, बदामी.

प्रसाद (बी-२०४): आणि वर?

मृणालताई (सी-१०१): वर उरले २२८ चौरस फूट. फिकट अबोली किंवा साईसारखा पिवळसर पांढरा, धुता येणारं इमल्शन, सॅटिन फिनिश. अगदी मॅट घेतलंस तर फोडणीचा तेलकट वाफारा शोषला जातो, डाग पुसताना भिंतच पुसली जाते. ऑइल पेंट चमकतो, दिवे त्यात दिसतात आणि डोळ्यांवर येतात. दोन हातांना लिटरमागे साधारण ६५ चौरस फूट धर, म्हणजे चार लिटरचा एक डबा पुरेल. छत पांढरंच ठेव, तिथला रंग सगळ्या ताटांवर उतरतो.

रेणुका (बी-२०४): एवढं फिकट म्हणजे परत दवाखानाच नाही का वाटणार?

मृणालताई (सी-१०१): रंग हवाच असेल तर मागच्या भिंतीवर, वरच्या भागात विटकरी किंवा डाळिंबी घ्या. तिथे टेबल नाही, शटरमधून आत येणाऱ्याला थेट तीच दिसते. बोलवायला रंग, जेवायला फिकट भिंत. मात्र शेडकार्डवरून ठरवू नका. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारा, वाळू द्या, आणि नवे दिवे लावून रात्री बघा. कार्डावरची शेड भिंतीवर बऱ्याचदा वेगळी वाटते.

अक्षय (ए-५०१): लाल रंगाने गिऱ्हाईक लवकर उठतं असंही म्हणतात. प्रसाददादाला तर तेच हवं असेल 😄

प्रसाद (बी-२०४): त्यासाठी पाठ नसलेली स्टुलं घेतलीत.

नीता काकू (सी-४०३): आणि माझी मोरपंखी?

मृणालताई (सी-१०१): टेबलाच्या मधोमध, फळीपासून अडीच फुटांवर टांगता दिवा, ३००० केल्विन, सीआरआय ९०. प्रकाश थेट ताटात पडेल, भिंत अंधुक मागे राहील. टेबल भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. एवढं करून भाजी काळीच दिसली तर मग भाजी बघू.

नीता काकू (सी-४०३): मृणाल!! 😂

प्रसाद (बी-२०४): किचनमध्येही तोच दिवा लावू का?

मृणालताई (सी-१०१): तिथे ४००० चा चालेल, काम स्वच्छ दिसतं. सीआरआय मात्र तोच ठेव. कांदा जळाला की नाही हे आचाऱ्याला रंगावरूनच कळतं.

इरफानभाई (डी-१०३): प्रसाद, बसायच्या भागात सहा, आत दोन धरू? ऑर्डर दिल्यावर यायला आठवडा लागतो.

प्रसाद (बी-२०४): चालेल भाई, द्या ऑर्डर. पेंटरला उद्या पुठ्ठे रंगवायला सांगतो. विटकरी आणि डाळिंबी, दोन्ही.

गोखले (सेक्रेटरी): रंगाचे रिकामे डबे कचऱ्याच्या खोलीत टाकू नयेत.

देशपांडे काका (ए-३०२): डाळिंबीला माझं मत. आणि प्रसाद, त्या सकाळच्या प्रयोगाला मला का नाही बोलावलंत?