मदत हवी आहे: मिठाच्या पाण्यात जिआर्डिया दिसेना

सहा आठवड्यांची पिल्लं, शी पातळ आणि चिकट. संपृक्त मिठाच्या पाण्यात फ्लोटेशन केलं. जाड, खडबडीत कवचाची गोल गडद अंडी दिसली, म्हणजे गोलकृमी. पातळ कवचाची, आत पेशींचा पुंजका असलेली लंबगोल अंडी अंकुशकृमींची. इथवर शंका नाही.

जिआर्डिया दिसला नाही, पण मिठात त्याच्या सिस्ट आकसून चंद्रकोरीसारख्या होतात, त्यामुळे या निगेटिव्हवर माझा भरवसा नाही. १.१८ घनतेच्या झिंक सल्फेटमध्ये सेंट्रिफ्यूज करून एकदा बघणं पुरेल, की दिवसाआड तीन नमुने घ्यावेत?

पायरँटेल दुसऱ्या-चौथ्या आठवड्यात झालंय. आता फेनबेंडाझोल किलोला ५० मिलिग्रॅम, रोज एकदा, पाच दिवस (९०० ग्रॅमच्या पिल्लाला ४५ मिलिग्रॅम) दिलं, तर तोच सहाव्या आठवड्याचा डोस धरून आठव्याला पुन्हा पायरँटेल चालेल ना? आणि आईलाही सोबतच द्यायचं का?