मदत हवी आहे: डीप स्लीपमधे पण बोर्ड ६ मिलिअँप खातोय, सेल १० महिने कसा टिकवायचा?

नमस्कार मंडळी, तासगावजवळ आमच्या द्राक्षबागेत मातीचा ओलावा बघायला ईएसपी३२ चा नोड लावलाय, एक १८६५० सेल, २६०० एमएएच. दर तासाला उठतो, ८ सेकंद वायफायवर रीडिंग पाठवतो आणि परत झोपतो.

माझा हिशोब असा, जागं असताना सरासरी १२० मिलिअँप धरले तर एका वेळेला ०.२७ एमएएच, दिवसाचे साधारण ६.४. झोपेत नुसती चिप १० मायक्रोअँप घेते म्हणजे दिवसाला पाव एमएएच पण नाही. सेलमधले २००० च वापरता येतील असं धरलं तरी ३०० दिवस, म्हणजे १० महिने निघायला पाहिजेत.

पण सेलच्या वायरमधे मल्टिमीटर लावून बघितलं तर झोपेत ६ मिलिअँप दिसतात! नुसत्या झोपेचेच दिवसाला १४४ एमएएच झाले, मग सेल दोन आठवडे पण जात नाही. बोर्डावरचा पॉवर एलईडी आणि एएमएस १११७ रेग्युलेटर हेच खात असणार, कारण तो रेग्युलेटर लोड नसताना सुद्धा काही मिलिअँप घेतोच.

एलईडी काढतोच आहे. रेग्युलेटरच्या जागी एचटी ७३३३ टाकू का? तो फक्त २५० मिलिअँपचा आहे आणि वायफाय सुरू होताना झटका त्याच्या वर जातो, मोठा कपॅसिटर लावून भागेल का ब्राउनआउट रिसेट होईल? की सरळ लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३.२ व्होल्टचा सेल 3V3 पिनला जोडू? शेतात कोणी वापरलं असेल तर नक्की सांगा.