नाईटचा ब्रेक खरंच मिळतो का? (नर्सेससाठी अनुभव धागा)

कर्वेनगर_स्टाफ
आज सकाळी सव्वाआठला कर्वे रोडच्या सिग्नलवर एक सिस्टर स्कूटीवर बसल्या बसल्या पेंगत होत्या. आयसीयूच्या सलग नाईट्सचे दिवस आठवले, म्हणून धागा काढतेय. १२ तासांच्या नाईटला तुमच्याकडे ब्रेक कसा लावतात? कागदावर असतो तो नको, प्रत्यक्षात मिळतो तो सांगा. थकवा, चिडचिड, नोकरीचा वीट, सगळं इथे लिहा.

हडपसर_ताई
ब्रेक?? डबा उघडला की बेलच वाजते. बाकी रात्री वाचते.

जुनी_इन्चार्ज
ब्रेक बुडतो तो कामामुळे कमी आणि ओव्हर न दिल्यामुळे जास्त. "जरा बघ गं माझे पेशंट" म्हणून निघालं की बघणारीला काहीच ठाऊक नसतं. दर पाच मिनिटांनी ती हाक मारते, आणि मग कुणी जायलाच धजत नाही.

८ बेडच्या आयसीयूत ४ स्टाफ, प्रत्येकीकडे २ पेशंट असं धरा. ड्यूटी सुरू होतानाच जोड्या ठरवायच्या. ब्रेक १ ते पावणेदोन, पावणेदोन ते अडीच, अडीच ते सव्वातीन, सव्वातीन ते ४. जोडीतली एक ब्रेकवर असताना दुसरी चार पेशंट बघते. चारनंतर कुणाचाही ब्रेक ठेवू नका, कारण तेव्हा सॅम्पल, स्पंजिंग, इनटेक-आउटपुटची बेरीज असं सगळं एकदम अंगावर येतं.

निघण्याआधी दोन मिनिटं बेडजवळ उभं राहून जोडीदाराला चार गोष्टी सांगायच्या. कोणता इन्फ्युजन किती रेटने चालू आहे, पुढच्या पाऊण तासात कोणतं औषध ड्यू आहे, अलार्मची लिमिट काय लावली आहे, आणि डॉक्टरांना कशासाठी बोलवायचं. सिरिंज पंपात तासाभरापेक्षा कमी औषध उरलं असेल तर पुढची सिरिंज भरून, लेबल लावून ठेवायची. नॉरअॅड चालू असेल तर हे चुकवूच नका. ब्रेकच्या मध्यात सिरिंज संपली की बीपी पडतो, चार पेशंट असलेली जोडीदार गडबडते आणि दुसऱ्या दिवशीपासून ब्रेक बंद.

ब्रदर_वॉर्ड५
आणि अॅडमिशन आली की? पहिलीचा ब्रेक पुढे ढकलतात, मग सगळ्यांचाच जातो.

जुनी_इन्चार्ज
म्हणून तर ब्रेकच्या वेळेतली अॅडमिशन शिफ्ट इन्चार्जने घ्यायची, हे आधीच ठरलेलं हवं. ती स्वतः पेशंट घेणार नसेल तर हा तक्ता चालत नाही, हेही खरं.

रातराणी_पिंपरी
मी तर म्हणते झोपूच नये. झोपून उठलं की डोकं जड होतं, हात चालत नाहीत. त्यापेक्षा पाच वाजता कडक कॉफी.

फार्मा_दीदी
जडपणाचं बरोबर आहे, पण तो जास्त झोपल्यावर येतो. २० ते २५ मिनिटांचा गजर लावला तर गाढ झोप लागायच्या आत जाग येते. ४५ मिनिटांत १० खायला, २५ झोपायला, १० तोंड धुऊन भानावर यायला. या शेवटच्या १० मिनिटांत आणि परत आल्यावरही थोडा वेळ इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराईड, हेपरिन यांना हात लावू नका. भरायचंच असेल तर दुसरीला शेजारी उभी करा आणि तिला स्वतंत्रपणे हिशोब करू द्या. "बरोबर आहे ना गं?" असं विचारलं की समोरची झोपेत हो म्हणते.

नेमकं काय होतं ते बघा. ५० एमएलमध्ये ५० युनिट इन्सुलिन भरायचं आहे. व्हायल ४० ची, म्हणजे सव्वा एमएल घ्यायला हवं. अर्धवट झोपेत लाल टोपीच्या ४० च्या सिरिंजऐवजी केशरी टोपीची १०० ची हाती आली आणि ५० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर तो अर्धा एमएल झाला, म्हणजे फक्त २० युनिट. लेबलवर मात्र ५०. शुगर उतरत नाही म्हणून रात्रभर रेट वाढत जातो. सकाळची शिफ्ट नवी सिरिंज बरोबर भरते, रेट तोच राहतो, आणि शुगर धाडकन खाली येते. चूक रात्रीची, पेशंट घामाघूम होतो सकाळी दहाला. रेट वाढवूनही शुगर हलत नसेल तर आधी सिरिंज बदला, पण नव्या सिरिंजला वाढवलेला रेट तसाच ठेवू नका, डॉक्टरांना विचारून पुन्हा ठरवा.

पाचच्या कॉफीचं म्हणाल तर नऊला झोपायचं असेल तर शेवटचा चहा-कॉफी तीनच्या आत. नाहीतर दुपारी बाराला टक्क डोळे उघडतात.

सुमन_के
माझ्या मुलीचं जीएनएम झालंय, पुण्यात नाईट नसलेली नोकरी कुठे मिळेल? ती फार चिडचिडी झाली आहे.

हडपसर_ताई
काकू, डायलिसिस नाहीतर ओपीडी बघा, बहुतेक ठिकाणी तिथे नाईट नसते. पण चिडचिड नाईटमुळेच आहे का, ते आधी तिलाच विचारा.

मानसी_सायक
ताईंचा मुद्दा महत्त्वाचा. दोन दिवस ऑफ घेऊन नीट झोपल्यावर माणूस ताजातवाना झाला तर तो थकवा. झोप पुरी होऊनही ड्यूटीच्या आदल्या संध्याकाळी पोटात गोळा येतो, पेशंटचं नाव न येता "बेड चार"च तोंडात येतं, नातेवाईक दिसला तरी राग येतो, आपल्याला काही जमत नाही असं वाटतं, तेव्हा ते बर्नआउटकडे झुकलंय. तिथे नुसती रजा पुरत नाही, कामाचा भार आणि जागा बदलावी लागते. झोप उडाली, रडू थांबत नाही, जगणं नको वाटतंय, असं असेल तर १४४१६ वर टेली-मानसला फोन करा. सरकारी आहे, मोफत आणि रात्रीही सुरू असतं.

ब्रदर_वॉर्ड५
एक जोडतो. पेशंट गेला की त्या सिस्टरचा दुसरा पेशंट लगेच कुणीतरी घ्यायला हवा. बॉडी पॅक करणं, नातेवाइकांशी बोलणं, कागदपत्रं हे सगळं करत असताना तिच्याकडे दुसऱ्याची तासाची नोंदही असते, आणि वीस मिनिटांत त्याच बेडवर नवा पेशंट. निदान बेड लगेच भरू नका, तिला पाणी पिऊ द्या. मावशी-मामांनाही विचारा, तेही तितकेच हललेले असतात.

कर्वेनगर_स्टाफ
आणि घरी जातानाचं? गॉगल लावून जा म्हणतात, ऊन डोळ्यांवर पडलं की झोप उडते म्हणून.

फार्मा_दीदी
बसने, मेट्रोने किंवा रिक्षाने जात असाल तर लावा. स्वतः गाडी चालवत असाल तर लावू नका, तो उजेडच जागं ठेवतो. घरी पोचून पडदे ओढा.

रातराणी_पिंपरी
मला गॉगलनेच बरं वाटतं पण 🙏 पडदे ओढून काय, सोसायटीत नऊला टँकर येतो!

जुनी_इन्चार्ज
जांभया थांबत नसतील, मागचा चौक कधी ओलांडला ते आठवत नसेल, तर गाडी तिथेच बाजूला घ्या. त्याहून बरं म्हणजे चेंजिंग रूममध्येच १५-२० मिनिटं पडून मग निघा. तिसऱ्या-चौथ्या नाईटनंतर तर गाडी आणूच नका.

एचआर_वाला_नाही
हे सगळं ठीक, पण आमच्याकडे ड्यूटीवर डोळा लागला तर मेमो मिळतो. तुमचा २५ मिनिटांचा गजर कोण मान्य करणार?

जुनी_इन्चार्ज
मेट्रनकडून लेखी घ्या. "झोप" हा शब्द न घालता "विश्रांती ब्रेक, बदली स्टाफसह" असं लिहून, जोड्यांचा तक्ता ड्यूटी लिस्टच्या मागे लावा. मेमो देणाऱ्याला त्या वेळी पेशंट कुणाकडे होते ते तक्त्यात दिसलं पाहिजे.

एचआर_वाला_नाही
आमच्या मेट्रन सही करणार नाहीत.

हडपसर_ताई
नाईट्स सलग तीन बऱ्या की सात? सातला शरीर लागतं म्हणतात.

ब्रदर_वॉर्ड५
तीन. सातला शरीर लागत नाही, घरची कामं दिवसा चालूच असतात.

रातराणी_पिंपरी
सात. तीनमध्ये महिनाभर उलटसुलट होत राहतं. चला, कुकर झाला, झोपते.